मुदत वाढवून मागणारा मेसेज: द्राक्षाच्या खोक्यांचं एक काम

मी डिझाइनर आहे. काम होतं पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या एका द्राक्ष निर्यातदाराचं. साडेचार किलोचा खोका, पाच किलोचा खोका आणि पनेटवर, म्हणजे द्राक्षं भरायच्या छोट्या डबीवर, चिकटवायचं लेबल, अशा तीन आर्टवर्कच्या छपाईला तयार फाइली शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत द्यायच्या होत्या. मंगळवारी रात्री आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि दवाखान्यात दाखल करावं लागलं. मुदत वाढवून मागावी लागणार हे तिथेच कळलं. पण नेमकं काय मागायचं ते कळायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. मधल्या वेळात जे लिहिलं, खोडलं आणि शेवटी पाठवलं, ते इथे क्रमाने मांडते. आईची हकिगत फक्त कामाला लागते तेवढीच.

ग्राहकासाठी पहिला मेसेज रात्री अकरा वाजता लिहून ठेवला होता आणि बरं झालं, पाठवला नाही. तो असा होता: "दादा, अचानक घरी मोठी अडचण आली आहे. प्लीज समजून घ्या. काम लवकरात लवकर करून देते. शनिवारपर्यंत नक्की प्रयत्न करते. गैरसोयीबद्दल मनापासून माफी." वाचायला सभ्य आहे, पण समोरच्याला त्यातून काहीच ठरवता येत नाही. अडचण म्हणजे काय ते कळत नाही, कोणतं आर्टवर्क अडलं ते कळत नाही, आणि "नक्की" व "प्रयत्न" हे दोन शब्द एकमेकांना खाऊन टाकतात. सगळ्यात वाईट तो "शनिवार". तो कशावरूनही काढलेला नव्हता. शुक्रवारनंतर शनिवार येतो म्हणून लिहिला होता.

रात्री तारीख देता येत नाही, कारण दवाखान्याचंच वेळापत्रक अजून ठरलेलं नसतं. खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन शक्य तितक्या लवकर, एकदोन दिवसांत करायचा डॉक्टरांचा कल असतो. मात्र त्याआधी रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, बहुतेकदा टूडी एको, आणि मग भूलतज्ज्ञांचा होकार लागतो. आईला रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती. त्यामुळे "गुरुवारी करू" असं सुरुवातीला म्हटलं गेलेलं ऑपरेशन बुधवारी दुपारी शुक्रवारवर गेलं. सकाळीच तारीख देऊन टाकली असती तर ती दुपारी मोडली असती आणि दुसऱ्यांदा मुदत मागायची वेळ आली असती. दुसऱ्या मागणीला पहिलीइतकं वजन राहत नाही.

म्हणून मेसेज दोन भागांत पाठवला. बुधवारी सकाळी आधी फक्त खबर दिली.

"दादा, नमस्कार. काल रात्री आई घरात पडली, हाड मोडलंय, दवाखान्यात दाखल केलंय. शुक्रवारच्या खोक्यांच्या आर्टवर्कवर याचा परिणाम होणार आहे. नेमका किती, ते आज संध्याकाळी ५ पर्यंत तारखेसकट कळवते. तोपर्यंत पाच किलोच्या खोक्याची आणि लेबलची तारीख प्रेसला पक्की सांगू नका."

यातलं महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे. नाशिकच्या अंबडमधल्या प्रेसमध्ये छपाईच्या प्लेटसाठी वेळ घेतला जातो तो ग्राहकाच्या शब्दावर. आपण गप्प बसलो आणि त्यांनी सकाळी दहाला फोन करून "शुक्रवारी फाइल येतेय" असं सांगून टाकलं, की आपला उशीर त्यांच्या तोंडून खोटा पडतो. म्हणून खबर पॅकहाउस, म्हणजे द्राक्षं खोक्यांत भरायची जागा, सुरू व्हायच्या सुमारास जायला हवी. रात्री दोनला पाठवलेला मेसेज सकाळी भाव, मजूर आणि गाड्यांच्या मेसेजांखाली गाडला जातो.

आता संध्याकाळच्या मेसेजसाठी तारीख काढायची. हे काम दवाखान्याच्या बाकावर कागदाच्या पाठीवर केलं तरी चालतं, पण दोन आकडे वेगवेगळे लिहायला लागतात: काम किती तास उरलंय आणि रोज खरोखर किती तास मिळणार आहेत.

उरलेलं काम असं होतं. साडेचार किलोच्या खोक्याचे दोन तास, म्हणजे बारकोड बसवणं आणि बाजूच्या पॅनेलवरचा मजकूर. पाच किलोच्या खोक्याचे चार तास, कारण डिझाइन तेच असलं तरी डायलाइन, म्हणजे खोका कापायच्या आणि दुमडायच्या रेषांचा आराखडा, वेगळी, आणि प्रत्येक पॅनेल नव्या मापात बसवावं लागतं. लेबलचे पाच तास. आणि शेवटची तपासणी एक तास. एकूण बारा.

मिळणारे तास काढताना माणूस स्वतःशीच सगळ्यात जास्त खोटं बोलतो. "दवाखान्यात बसूनच आहे, लॅपटॉप आहेच" असं वाटतं. प्रत्यक्षात राउंडला डॉक्टर येतात, मेडिकलमधून सामान आणायचं असतं, मेडिक्लेमची कागदं भरायची असतात, नातेवाईक येतात. सलग दीड तास मिळाला तर पुष्कळ. भाऊ आणि मी पाळ्या लावल्या, आणि मग आकडे असे आले: गुरुवारी तीन तास, कारण तो दिवस नुसता थांबण्याचा होता. शुक्रवारी, ऑपरेशनच्या दिवशी, शून्य. शनिवारी दोन, रविवारी तीन, सोमवारी चार. बेरीज बारा. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर सोमवारी रात्री काम संपतं. पण दवाखाना सुरळीत चालेल असं धरून तारीख देऊ नये, म्हणून मंगळवारचे चार तास राखीव ठेवले आणि कागदावर मंगळवार संध्याकाळ ५ लिहिलं.

आता इथे एक अवघड जागा आली. लेबलचं काम सोमवारी सुरू व्हायला हवं होतं आणि ते झालं नव्हतं. म्हणजे आई पडायच्या आधीच मी एक दिवस मागे होते. तो दिवसही दवाखान्याच्या खात्यावर टाकायचा मोह जबरदस्त असतो, आणि तो कोणी पकडणारही नाही असं वाटतं. पण ग्राहकाने सोमवारी दुपारी "लेबल कुठपर्यंत आलं?" असं विचारलं होतं आणि मी "आज घेते" म्हटलं होतं. ते चॅटमध्ये वरच दिसत होतं. शिवाय या मेसेजमध्ये आजारपण खरं असणं पुरेसं नसतं. ग्राहक आजारपण तपासणार नाही, तो कामाची स्थिती तपासणार आहे. तिथे गोलमाल दिसला तर आजारपणावरचाही विश्वास उडतो. म्हणून तो दिवस वेगळा काढून लिहिला.

दुसरा प्रश्न, तिन्ही आर्टवर्क एकदम द्यायची की तुकड्यांत. ऑर्डरमध्ये तिन्हीला एकच शुक्रवार लिहिला होता, पण छापताना ती एकत्र लागत नाहीत. खोक्याला प्लेट बनतात, मग छपाई, मग कटिंग आणि चिकटवणं, आणि तयार खोके पॅकहाउसला जातात. लेबल दुसऱ्याच मशीनवर रोलमध्ये छापून निघतं आणि त्याला वेळ कमी लागतो. पहिला कंटेनर साडेचार किलोच्या मालाचा होता, हे आधीच्या बोलण्यातून माहीत होतं. तेव्हा साडेचारचा खोका मूळ मुदतीतच द्यायचा आणि वाढ फक्त बाकीच्या दोनांसाठी मागायची असं ठरवलं. यामुळे मागणीचा आकार लहान होतो. "सगळं काम चार दिवस पुढे" आणि "पहिल्या कंटेनरचा खोका वेळेवर, बाकी दोन उशिरा" यांत पॅकहाउसवाल्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बुधवारी संध्याकाळी पावणेपाचला गेलेला मेसेज:

"दादा, सकाळी कळवलं होतं त्याबद्दल. शुक्रवारच्या तीन फाइलींपैकी साडेचार किलोचा खोका ठरलेल्या शुक्रवारीच, सकाळी १० पर्यंत देते. बाकी दोनांसाठी मुदत वाढवून हवी आहे: पाच किलोचा खोका सोमवार सकाळी १०, लेबल मंगळवार संध्याकाळी ५.

कारण: आईचं खुब्याचं ऑपरेशन शुक्रवारी आहे. भाऊ आणि मी पाळीने थांबतोय, त्यामुळे मला रोज दोन-तीन तासच मिळणार आहेत. लेबलचं काम त्याआधीच एक दिवस मागे होतं, तो उशीर माझा आहे, आईच्या आजारपणामुळे नाही.

या तारखांनी प्लेट किंवा पॅकिंग अडत असेल तर कोणती फाइल आधी हवी ते सांगा, क्रम बदलते. त्यानेही भागत नसेल तर बदल करता येतील अशा उघड्या फाइली दुसऱ्या डिझाइनरला द्यायला तयार आहे. झालेल्या कामापुरतंच बिल लावीन. कृपया होकार किंवा बदल इथेच लिहून कळवा. फोन संध्याकाळी ७ नंतर उचलू शकेन."

क्रम मुद्दाम असा ठेवला. फोनच्या पडद्यावर सूचना येते तेव्हा पहिली ओळ-दीड ओळच दिसते. तिथे आधी काम आणि तारीख यावी. कारण दुसऱ्या परिच्छेदात, दोन वाक्यांत. आईचं वय, पडली कशी, डॉक्टर काय म्हणाले, स्क्रू टाकणार की सांधा बदलणार, हे काही नाही. तो तपशील ग्राहकाला तारीख ठरवायला उपयोगी नाही, आणि तो आईचा खाजगी मामला आहे. एक्स-रेचा किंवा पलंगावरच्या पेशंटचा फोटो पाठवणं तर टाळावंच. पुरावा न मागता पुरावा दिला की उलट शंका येते. कुणी खरंच मागितला तर दाखल केल्याच्या कागदावर तारीख असते, तेवढा भाग दाखवता येतो.

सवलत देऊ केली नाही, हेही जाणूनबुजून. "दहा टक्के कमी करते" असं पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं की बोलणं तारखेवरून पैशावर घसरतं. त्यांना त्या घडीला स्वस्त लेबल नको होतं, छापता येईल अशी फाइल हवी होती. दुसऱ्या डिझाइनरला फाइली द्यायची तयारी मात्र लिहिली. ते लिहायला जड जातं, पण त्याशिवाय समोरच्यापुढे खरा पर्याय राहत नाही, आणि "समजून घ्या" ही विनंती न राहता सक्ती होते. फक्त ती तयारी पोकळ नसावी. पाठवायच्या आधी फाइली, फॉण्ट आणि प्रेसकडून आलेली डायलाइन एका फोल्डरमध्ये ठेवून ते खरंच देता येतंय का, हे पाहून घेतलं.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. त्या भरवशावर तारखा टाइप करू नयेत. समोरच्याने पहिल्या मिनिटात वाचून प्रेसला पुढे पाठवलेला असू शकतो, आणि पुढे गेलेली प्रत आपल्या दुरुस्तीने बदलत नाही. वार आणि वेळ पाठवण्याआधी भावाकडून एकदा मोठ्याने वाचून घेतली.

पाच मिनिटांत निळ्या टिका आल्या आणि मग काहीच नाही. इथे बरेच जण चुकतात. वाचलं म्हणजे मान्य केलं असं धरून कामाला लागतात. सात वाजेपर्यंत वाट पाहून मी फोन केला. दादांनी आधी आईची चौकशी केली, मग "कुठल्या दवाखान्यात, येतो भेटायला" म्हणाले. आपल्याकडे हे होणारच. खरं कारण सांगितलं की माणसं शहाळी घेऊन येतात. "ऑपरेशन होऊ द्या, मग घरीच या" एवढं सांगून वेळ निभावली. मग मुद्द्यावर आले: "ताई, लेबल बुधवारी आलं तरी चालेल. पण पाच किलोचा खोका मला शनिवारीच पाहिजे."

कागद समोर होता म्हणून उत्तर देता आलं. गुरुवारच्या तीन तासांपैकी दोन साडेचारच्या खोक्याला जाणार, उरतो एक. शुक्रवार शून्य. शनिवारचे दोन. म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत पाच किलोच्या खोक्यावर तीन तास होतात, लागतात चार. एक तास कमी पडतो. हा एक तास कुठून तरी ओढून "बरं, करते" म्हणायची इच्छा होते. आणि तो ओढला जातो तो नेमका तपासणीतून. खोक्यावर वजन, बारकोड किंवा पॅकहाउसचा कोड चुकला आणि त्याची प्लेट बनली, तर प्लेट नव्याने करावी लागते. खोके छापून झाल्यावर चूक सापडली तर वर स्टिकर मारत बसावं लागतं. एका तासाच्या बदल्यात तो धोका घेण्यासारखा नव्हता. म्हणून सांगितलं, "शनिवारी जमणार नाही. रविवारी सकाळी अकराला देते. शनिवार कशासाठी हवा होता?"

शेवटचा प्रश्न विचारायला हवा तो हाच. उत्तर आलं की प्लेटवाल्याला सोमवारी सकाळी काम सुरू करायचं आहे, आणि रविवारी त्याचं बंद असतं. म्हणजे "शनिवारीच" याचा अर्थ "सोमवारी दुकान उघडायच्या आत" एवढाच होता. रविवार अकरा त्यांना चालत होतं. माझी मूळची सोमवार सकाळ १० मात्र उशिराची ठरली असती. मुदतीमागे अशी एक खरी मुदत जवळजवळ नेहमी असते. ती सांगितली जात नाही, कारण मधला प्रत्येक जण स्वतःची एक दिवसाची उसंत धरून पुढच्याला सांगतो.

फोनवर ठरलेलं लगेच लिहून टाकलं: "फोनवर ठरल्याप्रमाणे: साडेचार किलो शुक्रवार सकाळी १०, पाच किलो रविवार सकाळी ११, लेबल बुधवार संध्याकाळी ५. बरोबर असेल तर हो लिहा." "हो ताई" आलं. हा सोपस्कार वाटतो, पण त्याला अर्थ आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ प्रमाणे ज्याला काम करून मिळायचं आहे तो मुदत वाढवून देऊ शकतो. वाढ त्याने द्यायची असते, आपण जाहीर करायची नसते. आणि कलम ५५ प्रमाणे, मुदत हाच कराराचा गाभा असताना उशिरा दिलेलं काम त्याने स्वीकारलं, तर स्वीकारताना तशी सूचना दिल्याशिवाय त्याला उशिराची भरपाई मागता येत नाही. एवढ्याशा कामात कोणी कोर्टात जात नाही. तरी "हो" कोणी, कशाला आणि कधी म्हटलं हे तीन ओळींत सापडलं की पुढची बरीच चर्चा वाचते.

पुढे चुकलं ते भलत्याच ठिकाणी. साडेचारच्या खोक्याची फाइल गुरुवारी रात्रीच तयार झाली. शुक्रवारी सकाळी ऑपरेशनच्या गडबडीत सव्वानऊला ड्राइव्हची लिंक पाठवली आणि फोन खिशात टाकला. लिंकची परवानगी फक्त माझ्यापुरती राहिली होती. प्रेसमधल्या मुलाने उघडल्यावर त्याला `Request access` दिसलं, त्याने बटण दाबलं, विनंती ईमेलवर आली आणि ईमेल मी साडेअकरापर्यंत पाहिलाच नाही. फाइल वेळेत तयार, तरी पोचली दीड तास उशिरा. अशा दिवसांत फाइल पाठवणं हे वेगळं काम धरावं. परवानगी `Anyone with the link` वर आहे का, हे दुसऱ्याच्या फोनवर, आपल्या खात्याबाहेर उघडून बघावं. शक्य असेल तर पीडीएफ थेट व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनही टाकावी. फाइलच्या नावात माप आणि आवृत्ती असू द्यावी, `Carton_4.5kg_v6.pdf` असं. `final_new` नावाच्या दोन फाइली आल्या की फोन येतो, आणि तो ऑपरेशन थिएटरबाहेर येतो.

रविवारची फाइल पावणेअकराला गेली, या वेळी भावाच्या फोनवर उघडून बघून.

शनिवारी रात्री काही पाठवायचं होतं का, यावर मी थोडी घुटमळले. रोज "काम चालू आहे" असं कळवण्यात अर्थ नाही. ते समोरच्याला वाचावं लागतं आणि त्यातून काही कळत नाही. कळवायचं ते दोनच वेळा: फाइल गेली की, आणि तारीख धोक्यात आली की. धोका ओळखायची खूण साधी आहे. उरलेले तास आणि मुदतीपर्यंत मिळणारे तास रोज रात्री शेजारी लिहायचे. पहिला आकडा मोठा झाला त्याच रात्री कळवायचं, मुदतीच्या दिवसाची वाट पाहायची नाही. सोमवारी आईला ताप भरला आणि चारपैकी तीन तास गेले. लेबलचे दोन तास रविवारी झाले होते. म्हणजे उरले होते तीन आणि तपासणीचा एक, एकूण चार. सोमवारी एक झाला, राहिले तीन. मंगळवारचे चार राखीव होते आणि लेबलची मुदत आता बुधवारवर होती. पहिला आकडा लहानच राहिला, म्हणून काही कळवलं नाही. लेबल मंगळवारी रात्री संपलं, तपासणी बुधवारी सकाळी ताज्या डोळ्यांनी केली आणि फाइल दुपारी गेली.

बिल करताना एक गोष्ट लक्षात आली. ग्राहकाच्या परचेस ऑर्डरवर अजूनही तिन्हीला तोच शुक्रवार छापलेला होता. वाढ दादांनी दिली होती, पण बिल बघणार होता त्यांचा अकाउंटंट, आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो ऑर्डरची तारीख आणि फाइल मिळाल्याची तारीख शेजारी ठेवून उशिराची कपात लावतो. म्हणून बिलाच्या खाली एक ओळ घातली, "पाच किलोचा खोका आणि लेबल यांची मुदत परस्पर संमतीने वाढवली", आणि दादांच्या "हो ताई"चा स्क्रीनशॉट ईमेलला जोडला. त्यातून आईच्या ऑपरेशनचा मेसेज कापून फक्त तारखांच्या तीन ओळी आणि होकार ठेवला. अकाउंटंटला तेवढंच पुरलं.